अण्णांच्या मशीनचा व्हिडिओ

मला एका जागी बसून लिहिता येत नाही. लोहाऱ्याहून उमरग्याला जाणाऱ्या जीपमध्ये, शेजारणीचं कोपर बरगडीत खात, मोबाइलवर अंगठ्यानं जेवढं लिहून झालंय तेवढं टेबलाशी बसून कधी झालं नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, दवाखान्याचं उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस, असल्या व्हिडिओंचं निवेदन मी लिहिते आणि बहुतेक वेळा बोलतेही मीच. या कामाला लागणारे शब्द ठरलेले असतात. ‘अल्पावधीतच’, ‘नावलौकिक’, ‘उत्तुंग’. नाव बदलायचं की झालं. त्यामुळं अण्णांचा फोन आला आणि ‘मशीनचा एक व्हिडिओ लिहून द्या’ म्हणाले, तेव्हा मला ते एका जीपभराचं काम वाटलं.

अण्णांचं वर्कशॉप उमरग्यात, हायवेपासून जरा आत, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या रांगेत. तिथं ते पाकिटांची तोंडं बंद करायची मशिनं बनवत. भरलेलं पाकीट उभं ठेवायचं, त्याचं तोंड दोन टेफ्लॉनच्या पट्ट्यांमध्ये धरायचं. पट्ट्या तोंड पुढं ओढत नेतात, आधी तापलेल्या ठोकळ्यांमधून, मग गार ठोकळ्यांमधून, आणि शेवटी एक रेघारेघांचं चाक त्यावर दाब देतं. खालून सरकता पट्टा पाकीट वाहून नेतो. बाहेर पडतं तेव्हा सील झालेलं असतं. एवढंच ते मशीन, पण अण्णा त्याच्याकडं बघताना घरच्या पोरीकडं बघावं तसं बघत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. एका मोठ्या कंपनीचा माणूस त्यांच्या मागं लागला होता. आमची तयार मशिनं विका, स्वतः बनवायचं बंद करा, एजन्सी घ्या. त्याच सुमाराला सोलापूरकडच्या एका शेंगदाणा चटणीच्या कारखान्याच्या मालकानं मशिनाची चौकशी केली होती. तो तीन ठिकाणी बघत होता, एक गुजरातेत, एक कोइमतूरकडं आणि तिसरे अण्णा. तिघांनाही त्यानं सांगितलं होतं, व्हिडिओ पाठवा, बघून ठरवतो.

“ही ऑर्डर आली तर मशीन बनवत ऱ्हातो,” अण्णा म्हणाले. “न्हाय आली तर सही करतो. दुसऱ्याच्या मशीनला कापड मारत बसतो.”

आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या कानडीत पुटपुटल्या, “ब्याड री.” नको हो, असं काही बोलू नका. मला कानडी अर्धवट कळतं हे दोघांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. कामाला बरं पडतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी स्क्रिप्ट ऐटीत वाचून दाखवली. “अल्पावधीतच ग्राहकांच्या पसंतीस उतरलेलं, अतूट विश्वासाचं दुसरं नाव...” अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाले, “ताई, हे आमच्या आमदाराचं वाटायलंय.”

मला राग आला. राग मला पटकन येतो आणि खरं असेल तर जास्तच येतो. जीपमध्ये बसले आणि त्या दोन्ही स्पर्धकांचे व्हिडिओ मोबाइलवर लावले. लोहारा येईपर्यंत तेच बघत होते. ढण ढण संगीत, चकचकीत फरशी, आणि मशिनातून पाकिटं पळतायत, एकामागं एक, सगळी फुगीर, सगळी स्वच्छ. कशानं भरली होती देव जाणे. मुरमुरे असावेत किंवा नुसती हवा. बघता बघता माझ्या लक्षात आलं की कारखान्याच्या मालकाच्या जागी मी असते तर या दोन्हींमधलं कुठलं घ्यावं हे मला सात जन्मांत कळलं नसतं. आणि माझी ती ‘अतूट विश्वासाची’ स्क्रिप्ट यात तिसरी म्हणून शोभली असती.

उतरल्या उतरल्या, स्टँडवरच उभं राहून, मी चटणीवाल्यांना फोन लावला. अण्णांना न विचारता. विचारलं असतं तर ‘गिऱ्हाइकाला असं कसं विचारायचं’ म्हणून त्यांनी अडवलं असतं.

चटणीवाले मोकळे निघाले. “मॅडम, माझा त्रास एकच हाय. माल इथनं चांगला जातो. दुकानात पोचतो तवा खोका तेलकट. दुकानदार परत पाठवतो. सील बघावं तर चांगलं दिसतं, हातानं ओढलं तरी निघत न्हाय. मशीन जुनं झालंय, दुसरं काय? म्हणून नवीन घ्यायलोय. पण हे समदे मला पळणारी पाकिटं दाखवतेत. माझी चटणी भरून कुणी दाखवंना.”

“तुमची चटणी आणि पाकिटं पाठवा,” मी म्हटलं. “आम्ही दाखवतो.”

‘आम्ही’ म्हणताना माझी छाती जरा फुगली होती, हे कबूल.

शूटिंगच्या दिवशी सकाळी हैदराबादकडं जाणाऱ्या बसनं पार्सल आलं. अण्णा स्वतः हायवेवर जाऊन घेऊन आले आणि आक्कांच्या हाती दिलं, “नीट ठेव,” म्हणून. कॅमेरावाला नळदुर्गहून आला. लाइट गेली. मशीन पुसून झालं, पुन्हा पुसून झालं. मी हातात स्क्रिप्ट घेऊन दारापासून मशीनपर्यंत येरझाऱ्या घालत होते. नव्या स्क्रिप्टमध्ये एकही ‘उत्तुंग’ नव्हता. पहिलं वाक्य होतं, ‘ही तुमचीच चटणी आहे, तुमच्याच पाकिटात.’ या वाक्यावर मी भलतीच खूश होते. लाइट येईना तेव्हा आक्का म्हणाल्या, “जेवून घ्या सगळे, आलेली माणसं उपाशी बसत्यात व्हय?”

ज्वारीच्या गरम भाकरी, दह्याचा गोळा, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. कॅमेरावाल्यानं तीनदा मागून घेतली. मीही घेतली, वर तेल ओतून. बॉड्या बांधणाऱ्यांच्या रांगेतले दोघे कसल्यातरी निमित्तानं डोकावले, त्यांनाही बसवलं. जेवणं झाल्यावर लाइट आली. अण्णा हात पुसत म्हणाले, “आण गं ती चटणी.”

आक्का जागच्या हलल्या नाहीत. पदराचं टोक तोंडाशी नेलं.

“तुम्ही म्हणला, नीट ठेव. बसनं आलं, सोलापूरहून आलं, मला वाटलं पाव्हण्यांकडनं आलंय. पाव्हण्यांनी पाठवलेलं आल्यागेल्याला वाढायचं न्हाय तर काय करायचं?”

डब्यात तळाला मूठभर उरली होती. कॅमेरावाला हसायला लागला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्यावर ओरडले, आक्कांवर ओरडायचं धाडस नव्हतं म्हणून. माझं पहिलं वाक्य माझ्याच पोटात गेलं होतं, तेही दोन भाकरींबरोबर! फोन करून सांगायचं काय, तुमचा नमुना आम्ही जेवलो, अजून पाठवा? आणि चटणीवाल्यांना बाकी दोघांचे व्हिडिओ आधीच मिळाले होते.

आक्कांनी मग उखळ काढलं. शेंगा भाजल्या, सोलल्या, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ टाकून मुसळानं कुटायला बसल्या. कारखान्याची चटणी मशीनवरची, कोरडी, बारीक. आक्कांची कुटलेली, त्यामुळं जाडसर, आणि कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटून हाताला लागेल इतकी ओलसर. दिसायला मात्र छान, गडद लाल. ती चटणीवाल्यांच्या पाकिटांत डावानं भरली आणि शूटिंग झालं. पाकिटं ऐटीत मशिनातून सरकली, सील सरळ रेषेत पडलं, अण्णांनी एक पाकीट दोन्ही हातांनी ओढून दाखवलं, निघालं नाही. कॅमेरावाला म्हणाला, “झकास.” मी तरी अस्वस्थच होते. पहिल्या वाक्याच्या जागी काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

अण्णांची एक पद्धत होती. तेलकट मालाचं पाकीट सील केलं की ते कोऱ्या कागदावर तोंड खाली करून टेकवून ठेवायचं, आणि सकाळी बघायचं. सगळी पाकिटं त्यांनी तशी भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी मी पोचले तेव्हा ते कागदासमोर उकिडवे बसले होते. निम्म्याहून जास्त पाकिटांखाली तेलाचे गोल डाग. कागद पलीकडचं दिसावं असा पारदर्शक झालेला.

“सील तर धरलं होतं,” मी म्हटलं.

“दिसायला.” त्यांनी एक पाकीट कात्रीनं कापलं आणि सील उजेडात धरलं. पट्टीच्या मधोमध तांबडे कण चिरडले होते, शेंगदाण्याचा चुरा. कण अडकला तिथं दोन पापुद्रे एकमेकांना चिकटलेच नव्हते. केसाएवढी वाट राहिली होती आणि तेल त्या वाटेनं हळूहळू बाहेर येत होतं.

मग दुपारपर्यंत अण्णांनी मशीनशी झटापट केली. उष्णता वाढवली, तर पाकिटाचं तोंड आक्रसून सुरकुतलं. पट्ट्यांचा वेग कमी केला, तर थोडा फरक पडला पण डाग राहिलेच. चाकाचा दाब वाढवून पाहिला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी दर पाच मिनिटांनी “काय झालं?” विचारत होते. शेवटी ते कावले.

“ताई, मशीनचं काय चुकंना! डावानं भरताना तोंडाला लागतंय. तोंडाला लागलेलं कुठलंच मशीन बंद करू शकत न्हाय. माझं न्हाय, गुजरातचं न्हाय, कुणाचंच न्हाय.”

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“सगळ्याच मशीनवाल्यांना माहीत असतंय. सांगत कुणी न्हाय. भरायचं काम गिऱ्हाइकाचं.”

बोलता बोलताच त्यांनी स्टीलचा पत्रा ओढला. लांब नळीचं एक नरसाळं बनवलं, नळी पाकिटाच्या तोंडापेक्षा बारीक आणि इतकी लांब की ती सीलच्या जागेच्या बरीच खाली जाऊन माल सोडेल. बाहेर काढताना नळीचं टोक तोंडाला घासू नये म्हणून ते तिरकं कापलं. आक्कांनी त्यातून चटणी भरली, पाकिटाचं तोंड आतून कोरडं राहिलं. पुन्हा सील, पुन्हा कोरा कागद, पुन्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ. या वेळी कागद जसाच्या तसा होता. अण्णांनी तो उचलून खिडकीशी धरला आणि पहिल्यांदाच हसले.

मी तिथंच, उभ्या उभ्या, मशीनच्या कडेला फोन टेकवून स्क्रिप्ट लिहिली. आयुष्यात इतक्या झरझर कधी लिहिलं नाही. ‘ही तुमची चटणी नाही. तुमची आली होती, ती आम्ही जेवणात खाल्ली, माफ करा. ही घरी कुटलेली आहे, तुमच्यापेक्षा तेलकट. डावानं भरली तेव्हा सील असं दिसलं, आणि सकाळी कागद असा झाला. हे बघा, कण इथं अडकला. आता नळीनं भरतो.’

अण्णांनी वाचलं आणि फोन परत दिला.

“जेवल्याचं काढा. लाज जाईल.”

“मग ही त्यांची नाही हे कसं सांगू? रंगावरून ते ओळखतील.”

“आणि तेलाचा डाग? आपल्या मशीनमधनं निघालेलं पाकीट गळतंय, हे आपणच दाखवायचं? बाकी दोघं हसतील.”

“अण्णा, बाकी दोघांसारखंच दाखवायचं तर मला कशाला बोलावलंत? आमदाराचं आहे ना तयार, ते लावा.” माझा आवाज चढला होता. दारातून बॉडीवाले बघायला लागले.

आक्काच मधे पडल्या. “सांगू द्या त्यांना. म्या वाढली म्हणून सांगा. माझ्यापायी झालं, माझ्या नावावर जाऊ द्या.” आणि वर, “पण चटणी चांगली हुती म्हणावं.”

अण्णांनी मशीनच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग होकाराची मान डोलावली. कॅमेरावाल्यानं राहिलेलं शूट केलं, मी आवाज दिला, हॉर्नमुळं दोन वाक्यं परत बोलावी लागली. व्हिडिओ चटणीवाल्यांना गेला.

पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. वाढदिवसाच्या एका निवेदनात दवाखान्याचं वाक्य घातलं, पुढाऱ्याच्या माणसानं फोन करून झापलं. फोन वाजला की अण्णांचाच वाटायचा. शेवटी आला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, “चटणीवाले दुपारी फोन करतेत. तुम्ही पण या.”

वर्कशॉपमध्ये अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मशीनवर ठेवला. आक्का दाराशी उभ्या. चटणीवाल्यांचा आवाज आनंदानं भरलेला होता, आणि मी मनातल्या मनात ऑर्डर आली असं धरूनही टाकलं.

“अण्णा, तुमचा व्हिडिओ आम्ही कारखान्यात सगळ्यांना बसवून दाखवला. बाकी दोघांचे एकदा बघितले, तुमचा किती बार बघितला! त्या बाईनं कण दाखवला न्हाय का, तवाच माझ्या डोक्यात टूब पेटली. आमची माणसं पण डावानंच भरतेत. मग म्या पत्रेवाल्याकडनं एक कच्ची नळी करून घेतली. तसं भरलं. कागदावर उलटं ठेवलं. अण्णा, डाग न्हाय! जुन्या मशीनवर!” ते हसत होते. “मशीनचं काय चुकतच नव्हतं. तुमचे लई उपकार झाले. आता नवीन घ्यायची गरजच पडत न्हाय बघा. त्या दोघांना पण कळवून टाकलं.”

अण्णा मशीनवरच्या फोनकडं बघत होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. “खोके तेलकट व्हायचे थांबले, बरं झालं.”

“पण तुमच्यासारखं तिरकं टोक आमच्या पत्रेवाल्याला जमंना. ती नरसाळी तुम्हीच करून द्या की. सहा तरी लागतील.”

“देतो,” अण्णा म्हणाले आणि पाकिटाच्या तोंडाचं माप विचारून घेतलं.

फोन बंद झाल्यावर मला रडायलाच यायला लागलं, रागानं. ज्या व्हिडिओनं मशीन विकायचं त्यानंच मशीन नको असल्याचं पटवून दिलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द माझा होता. मी म्हटलं, “अण्णा, तो डाग मी दाखवायलाच नको होता. तुम्ही सांगत होता.”

“खोटं काय दाखवलं तुम्ही?” ते म्हणाले. “बसा. चहा टाक गं.” मग त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि या म्हणून सांगितलं.

एजन्सीचा बोर्ड आता बाहेर लागला आहे. पुढच्या भागात कंपनीची मशिनं ओळीनं उभी असतात. अण्णा मागच्या बाजूला पत्रा कापत बसलेले असतात, कारण चटणीवाल्यांनी तो व्हिडिओ ओळखीच्या सगळ्या कारखानदारांना पाठवून दिला. मसालेवाले, पापडाच्या पिठाचे, बेसनवाले. फोन येत राहतात, कधी गुलबर्ग्याहून, कधी बार्शीहून. सगळ्यांना नरसाळं पाहिजे असतं. मशीन कुणी विचारत नाही. व्हिडिओतलं ते मशीन मात्र अण्णांनी विकलं नाही आणि मोडलंही नाही. ताडपत्रीखाली झाकून कोपऱ्यात ठेवलंय.

मध्यंतरी गेले होते तेव्हा ती ताडपत्री बघून मला राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, तो व्हिडिओ काढून टाकूया का? नरसाळ्याचा वेगळा, छोटा करून देते मी. पैसे नकोत.”

त्यांनी पत्र्यावरून मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “त्यात माझं मशीन चालू हाय.”